कुरणातल्या तीस चौकटी

अर्धा मीटर बाय अर्धा मीटर. लोखंडी सळईची चौकट. कॉलेजच्या मागच्या गल्लीतल्या वेल्डरकडून मी ती करून घेतली, तेव्हा त्याने विचारलं होतं, "ताई, खिडकीला हवी का?" मी म्हटलं, "नाही, गवताला." त्याने कोपरे मात्र छान घासून दिले. ती चौकट हातात घेऊन अमळनेरच्या स्टँडवर धुळ्याच्या एसटीची वाट बघत उभी राहिले की लोक माझ्याकडे वळून वळून बघायचे. मला त्याचा भयंकर राग यायचा. तेव्हा मला कशाचाही राग यायचा. एम.एस्सी.चं दुसरं वर्ष होतं, वनस्पतिशास्त्र, आणि आपल्याला सगळं कळतं असं ठाम वाटण्याचं वय.

धुळ्याच्या रस्त्यावर एका फाट्यावर उतरायचं, तिथून अर्धा तास चालायचं, की ते कुरण लागायचं. अजूनही डोळे मिटले की ते आधी दिसतं आणि मग त्याचं बाकी सगळं आठवतं. आश्विनातलं ऊन, कंबरेएवढं गवत, आणि वारा आला की सगळं कुरण एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळायचं. जमीन जागीच असायची, पण आपणच कुठेतरी सरकत चाललोय असं वाटायचं. मी कितीदा तरी काम सोडून नुसती उभी राहिलेय तिथे. घरी सांगायचे, खूप काम होतं.

कुरण गावाचं होतं. पावसाळाभर ते बंद. त्यात ढोर सोडायचं नाही, विळा लावायचा नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अख्खा गाव विळे घेऊन यायचा, गवत कापून न्यायचा, आणि मग उरलेल्या खुंटांवर ढोरं सोडायची. तोवर राखण करायला एक आबा होते. साठीच्या पुढचे, काटक, डोक्याला मळकं फडकं. गावाने त्यांना राखणीला ठेवलं होतं, पण खरं म्हणजे ते कुरणाचे मालक असल्यासारखेच वागायचे. कुरणाच्या हद्दीवर एक शेंदूर लावलेला दगड होता. पहिल्याच दिवशी त्यांनी मला तिथे अडवलं.

"चपला आठेच काढ, माय," दगडाकडे बोट दाखवून ते अहिराणीत म्हणाले. "कुरण शे हाई, रस्ता नही."

विळा लागेपर्यंत कुरणात कुणी पायताण घालून जायचं नाही, हा त्या गावचा रिवाज. मी शहाणपणा करून विचारलं, का? तर म्हणाले, गवत वाढतंय तोवर ते लेकुरवाळं असतं. मी चपला काढल्या.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगते. धुळ्याच्या एका सरकारी कचेरीने ते कुरण पडीक म्हणून धरलं होतं आणि तिथे नीलगिरी लावायचं ठरवत आणलं होतं. त्या काळात नीलगिरीचं वेडच होतं. जिथे मोकळी जमीन दिसेल तिथे खड्डे. गावातले लोक ओरडले, तेव्हा तिथल्या साहेबांनी आमच्या सरांना निरोप पाठवला, की तुमच्या कॉलेजने एकदा पाहणी करा, तिथे जपण्यासारखं काही असेल तर कागदावर दाखवा, नुसतं गवतच असेल तर आम्ही खड्डे घेतो. सरांनी ते काम माझ्या गळ्यात घातलं. माझा प्रबंधही होईल आणि गावाचं कामही. आबांना मी हे पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "म्हनजे तू लिखशी तसं व्हई?"

"तसंच असं नाही," मी म्हटलं. "पण आकडा चांगला आला तर बरं."

हे वाक्य मी बोलायला नको होतं.

पद्धत सोपी होती. निदान मला तशी वाटत होती. अख्खं कुरण मोजणं अशक्य, म्हणून जागोजागी चौकट टाकायची आणि चौकटीत जे जे झाड येईल ते नावानिशी मोजायचं. झाड म्हणजे बोटाएवढं रोपटंही. गवताचा एक ठोंब म्हणजे एक. रेघेवर आलेल्याचा वाद नको म्हणून डाव्या आणि खालच्या सळईवरची झाडं धरायची, उजव्या आणि वरच्या सळईवरची सोडायची. चौकट पडायची कुठे, तर नशीब नेईल तिथे. त्यासाठी आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या एकच युक्ती चालत आली होती. कुरणाकडे पाठ करायची, डोळे मिटायचे आणि चौकट खांद्यावरून मागे भिरकावायची. मी ती अशा काही श्रद्धेने भिरकावायचे की विचारू नका.

मोजणीच्या पहिल्या दिवशी आबा बाजारला गेले होते, मी एकटीने सहा चौकटी केल्या. पुढचे तीन दिवस आबा बरोबर होते. मी चौकट फेकायचे, आबा गवतात शिरून ती शोधायचे, आणि "आठे शे, ये" अशी हाक मारायचे. मी वही घेऊन तिथे जाऊन बसायचे. गवतात बसलं की जग संपायचं. वर आभाळाचा तुकडा, भोवती पात्यांची सळसळ, कानाशी किडे. मोजता मोजता कधी डुलकी लागायची, आणि जागी झाले की आबा शेजारी उकिडवे बसलेले असायचे, माझी वही उन्हात तापू नये म्हणून तिच्यावर सावली धरून. वाचता येत नव्हतं त्यांना. पण माझ्या रेघोट्यांकडे ते फार मन लावून बघायचे.

"बठ्ठं लिखं ना?" ते विचारायचे.

"हो, सगळं लिहिलं आबा."

मारवेल म्हणजे काय हे मला आबांनी शिकवलं. पुस्तकात मी ते ओळखत होते, पण ठोंबाच्या बुडाशी हात घालून गोडसर वास घ्यायचा, पेर चावून बघायचं, आणि मग हे गवत खाल्लं की गाय कशी दूध देते ते ऐकायचं, हे पुस्तकात नव्हतं. मारवेल म्हणजे आबांचा जीव. दुसरं पवन्या, ते बरं. बाकीचं सगळं कचरा. एखाद्या इवल्याशा निळ्या फुलाकडे बोट दाखवून मी नाव विचारलं, की ते हात झटकायचे. "येले काय नाव ठेवतीन? ढोरं खातस नही."

तीस चौकटी पुऱ्या झाल्या. दर चौकटीला नवीन किती जाती सापडल्या याचा मी आलेख काढत होते. पंधराव्या चौकटीच्या सुमारास त्याची रेघ चढायची थांबली आणि सपाट झाली. म्हणजे आता नवीन काही सापडत नाही, नमुना पुरेसा झाला. पुस्तकात तसंच लिहिलंय. मी इतकी खूश झाले की परतीच्या एसटीत कंडक्टरने सुटे मागितले तरी मी चिडले नाही.

मग प्रयोगशाळेत बसून विविधतेचा निर्देशांक काढला. दोन-तीन तऱ्हेचे निर्देशांक असतात. एकाला लॉगॅरिदम लागतं, आणि विभागाचा एकुलता एक चांगला कॅल्क्युलेटर सरांच्या कपाटात कुलपात असायचा, म्हणून मी सोपा घेतला. कल्पना अशी, की या कुरणातून डोळे मिटून दोन झाडं उचलली, तर ती दोन वेगवेगळ्या जातींची निघण्याची शक्यता किती? सगळं एकाच जातीचं असेल तर शून्य. जाती पुष्कळ आणि सगळ्या सारख्या प्रमाणात असतील, तर आकडा एकाच्या जवळ. प्रत्येक जातीचा एकूणात वाटा काढायचा, त्याचा वर्ग करायचा, सगळे वर्ग मिळवायचे आणि ती बेरीज एकातून वजा करायची. बस्स.

माझ्या वहीत मारवेल निघाली शंभरात सत्तर. सत्तर शतांशाचा वर्ग शून्य दशांश एकोणपन्नास. पवन्या वीस, त्याचा वर्ग शून्य दशांश शून्य चार. बाकीच्या दहा जाती एकेक टक्क्याच्या, त्यांच्या वर्गांची बेरीज तर नावालाच. सगळं मिळून झाली शून्य दशांश त्रेपन्न. एकातून वजा केली तर उरले सत्तेचाळीस शतांश.

मी तीनदा गणित केलं. तिन्हीदा तेच आलं.

सरांनी कागद बघितला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बारा जाती, आणि त्यातली एकच सगळीकडे," ते म्हणाले. "हा कागद साहेबांकडे गेला तर उद्या सकाळी खड्डे सुरू. नुसतं गवत आहे असंच ते म्हणणार, आणि या कागदावर तसंच दिसतंय."

मला आबांचं तोंड दिसायला लागलं.

"नकाशा काढ," सर म्हणाले.

मी प्रत्येक चौकटीची जागा नकाशावर ठिपक्याने दाखवली होती. सरांनी तो आपल्याकडे वळवून घेतला. मग त्यांनी पेन्सिलीने सगळे ठिपके जोडले. पायवाट तयार झाली. नाल्याकडे दोन ठिपके, मधल्या सपाटीवर बाकीचे सगळे, आणि वरच्या मुरमाड टेकाडावर एकसुद्धा नाही.

"बाईसाहेब, तुम्ही कुरण नाही मोजलंत," सर म्हणाले. "पायवाट मोजलीत. टेकाडावर का नाही गेलात?"

अहो, कशी जाणार? अनवाणी होते मी! टेकाडावर सगळीकडे गोखरू. एकदा दोन पावलं टाकली आणि तळपाय धरून खाली बसले होते. मग पायवाटेवर उभं राहून फेकत राहिले, जिथवर माझा हात पोचतो तिथवर. आणि डोळे मिटलेले असले तरी हाताला माहीत असतं की बोरीच्या काट्यात चौकट गेली तर ती आपल्यालाच काढायची आहे. डोळे मिटून फेकलं म्हणजे नशिबावर सोडलं, असं नसतं. सर मला हे अर्धा तास ऐकवत होते आणि मी मान खाली घालून बसले होते. मनात मात्र म्हणत होते, या फेकण्याच्या पद्धतीने तुम्हीही पूर्वी चौकटी टाकल्यात की.

"आणि हे बघ." त्यांचं बोट वहीवर थांबलं. "पहिल्या सहा चौकटींत प्रत्येकी आठ-नऊ जाती. सातवीपासून चार, चार, पाच, चार. आलेख सपाट झाला तो जाती संपल्या म्हणून नाही. तू पुन्हा पुन्हा तीच जागा बघत होतीस. सातव्या चौकटीला काय बदललं?"

पायवाट तीच, फेकणारी मी तीच. दसऱ्याला चार दिवस राहिले होते. त्यानंतर विळा लागणार, मग मोजायला काही उरणार नाही.

सरांनी या वेळी नीट आखून दिलं. कुरणाचे तीन भाग करायचे, सपाटी, टेकाड आणि नालाकाठ. ज्याचं क्षेत्र जेवढं तेवढ्या त्याच्या चौकटी. पंधरा, नऊ आणि सहा. हद्दीला लागून एक दोरी, तिला काटकोनात दुसरी. संख्याशास्त्राच्या पुस्तकामागे उलटसुलट आकड्यांची कोष्टकं असतात, त्यातून जोडीने आकडे घ्यायचे. पहिल्या दोरीवर इतकी पावलं, मग दुसऱ्या दोरीने इतकी. तो बिंदू जिथे पडेल तिथेच चौकट. काट्यात पडला तर काट्यात, खडकावर पडला तर खडकावर. चौकट रिकामी निघाली तर शून्य लिहायचं. शून्य हीसुद्धा माहितीच आहे.

दुसऱ्या दिवशी मी आबांना तो सगळा प्रकार सांगितला. ते म्हणाले, "बरं." पहिला बिंदू सपाटीवर आला. मी दोरीच्या टोकाशी आकडे बघत होते, आबा चौकट घेऊन पुढे गेले. मी बिंदूवर आधीच खुंटी मारून आले होते. मान वर केली तर आबा खुंटीपाशी थांबले, खाली बघितलं, नाक मुरडलं, आणि चांगली चार पावलं डावीकडे जाऊन भरघोस मारवेलीवर चौकट मांडली. अगदी अलगद, कोपरे सारखे करून. मग वळून गोड हाक मारली, "आठे शे, ये!"

मी जागच्या जागी उभीच राहिले. सातवी चौकट. आबा बाजारहून आल्यानंतरची पहिली.

"आबा!" मी ओरडले. "काय करता काय तुम्ही? खुंटी तिथेय आणि चौकट इथे! याआधीही असंच करत होतात ना?"

ते गोंधळले. "मी तं चांगला गवतवर ठेवं," ते म्हणाले. "तठे निस्ता कचरा व्हता. सायबले समजाले पाहिजे ना, आपलं कुरण कसं शे ते."

"अहो, साहेबाला कचराच हवाय! चांगलं गवत, चांगलं गवत करून तुम्ही माझा आकडा पार खाली नेलात! तुमच्यामुळे इथे नीलगिरी लागणार आहे, कळतंय का?"

बोलून गेले. शब्द तोंडातून बाहेर पडल्याबरोबर मला कळलं की आपण काय बोललो. आबांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी चौकट उचलली, खुंटीवर आणून ठेवली, डोक्याचं फडकं काढून खांद्यावर टाकलं आणि गावाच्या दिशेने निघून गेले. गवत त्यांच्यामागे मिटत गेलं आणि ते दिसेनासे झाले.

मी इतकी दुष्ट कशी झाले, असं मला वाटलं. त्या माणसाने तीन दिवस माझ्यासाठी गवत तुडवलं होतं. त्याच्या दृष्टीने त्याने पाहुण्यापुढे घरातलं उत्तम ते मांडलं होतं. घरी कुणी आलं की आपण मोडकी खुर्ची दाखवतो का? मी तिथेच बसून पोटभर रडले आणि मग नाक पुसून त्या कचऱ्यातली चौकट मोजली. अकरा जाती निघाल्या.

त्या दिवशी एकटीने सात चौकटी झाल्या. दुसऱ्या दिवशी टेकाडाची पाळी. चपला हद्दीच्या दगडाशी काढून मी वर चढले. पाचव्या पावलाला गोखरू, सहाव्याला गोखरू. मी एका दगडावर बसून काटे काढत होते, तर खालून आबा येताना दिसले. हातात माझ्या चपला. त्यांचे स्वतःचे पाय उघडेच होते.

"घाल," चपला पुढे ठेवून ते म्हणाले. "पाय फुटी गयात तं मोजशी कशी?"

"पण आबा, रिवाज..."

"रिवाज मी सांगं व्हता. आते मीच सांगस, घाल."

मी वाकून त्यांच्या पाया पडले. ते म्हणाले, "चाल, चाल, ऊन व्हई राहिनं."

पुढचे दीड दिवस आबा दोरीचं दुसरं टोक धरून चालत होते आणि मी आकडे वाचत होते. बिंदूवर खुंटी मारली की ते दोन्ही हात मागे बांधून उभे राहायचे, चौकटीला बोटसुद्धा लावायचे नाहीत. एक बिंदू बोरीच्या ऐन पोटात आला, तेव्हा आम्ही दोघं पोटावर सरपटत आत गेलो. एक सपाट खडकावर आला. मी वहीत शून्य लिहिलं तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही. "दगड बी मोजस का तू?" म्हणून ते इतके हसले, इतके हसले की मलाही हसू आवरेना.

आणि ते टेकाड! खालून बघितलं तर नुसता लाल मुरूम. वर चौकट टाकून गुडघ्यावर बसलं, डोळे जरा स्थिर झाले, की एकेक दिसायला लागायचं. शंखपुष्पीची निळी टिकली. दगडाच्या फटीतली, तोडली की चीक येणारी दुधी. नखाएवढी भुईआवळी, तिच्या पानांखाली मोहरीएवढी फळं. पिवळं गोखरू, ज्याला मी इतक्या शिव्या दिल्या होत्या, ते फुलल्यावर किती देखणं! कुसळी, कुरडू, आणि नाव न कळलेली पाच-सहा, जी मी कागदात दाबून नेली. वारा टेकाडावरून खाली जायचा आणि सपाटीवरची मारवेल एका अंगावर वळायची. त्या दोन दुपारी मला आयुष्यात पुन्हा मिळाल्या नाहीत. आबा हळूहळू माझ्याही आधी खाली वाकायला लागले. "हाई देख, हाई नवं शे," म्हणायचे. साठ वर्षं ज्यावरून चालले ते त्यांना पहिल्यांदा दिसत होतं, आणि ते एखाद्या पोरासारखे हरखले होते.

दसऱ्याच्या आदल्या दुपारी तिसावी चौकट झाली. मारवेल शंभरात चाळीस, वर्ग शून्य दशांश सोळा. पवन्या वीस, वर्ग शून्य दशांश शून्य चार. आणि बाकी वीस जाती, प्रत्येकी सरासरी दोन टक्के, त्यांच्या वर्गांची बेरीज शून्य दशांश शून्य शून्य आठ. एकातून वजा केल्यावर आकडा आला एकोणऐंशी शतांश. सरांनी या वेळी कपाटातला कॅल्क्युलेटर काढला आणि स्वतः पडताळून बघितलं. मग म्हणाले, "पहिल्या तीस चौकटीही अहवालात लिहायच्या. का टाकून दिल्या तेही लिहायचं. चूक कुणाची?"

"माझी," मी म्हटलं. तसंच लिहिलं. आबांचं नाव मी कुठेही येऊ दिलं नाही. चौकट कुणाच्याही हातात न देणं ही माझी जबाबदारी होती, आणि मी ती दिली होती.

अहवाल गेला. दोन महिन्यांनी सर हसत वर्गात आले. नीलगिरी रद्द! साहेबांना आकडा फारच आवडला होता. मी त्याच दुपारच्या एसटीने आबांना सांगायला गेले. त्यांनी मला गूळ दिला, पाणी दिलं, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना गोळा करून माझ्याकडून सगळं पुन्हा वदवून घेतलं.

मग माझी परीक्षा झाली, मला जळगावात नोकरी लागली. पुन्हा त्या फाट्यावर उतरले ती तिसऱ्या वर्षी, आश्विनातच. कुरणाला काटेरी तार लागली होती. फाटकाला कुलूप, वर पाटी. संरक्षित क्षेत्र, वनस्पती विविधता, आत येण्यास, चारा कापण्यास व गुरे चारण्यास सक्त मनाई.

आबा तारेबाहेर बसले होते. फार थकलेले दिसले. मला बघून उठले, तब्येत विचारली, नोकरी विचारली. तारेबद्दल अवाक्षर नाही. मीच विचारलं. तेव्हा म्हणाले, तुझा आकडा बघून साहेब स्वतः आले होते. म्हणाले, इतकी वेगवेगळी झाडं आहेत, ती कापाल तर संपतील. त्या वर्षीपासून विळा बंद.

मी तारेतून हात घातला आणि गवताच्या बुडाशी चाचपलं. गेल्या वर्षीचं, त्याच्या आदल्या वर्षीचं न कापलेलं गवत करड्या गादीसारखं आडवं पडलं होतं. ते मी बाजूला केलं. खाली काही नव्हतं. शंखपुष्पी नाही, दुधी नाही, काही नाही. उन्हाचा कवडसाही पोचत नव्हता तिथे. दरवर्षी विळा लागत होता, ढोरं फिरत होती, म्हणून त्या इवल्या झाडांना ऊन मिळत होतं. कशामुळे ती तिथे टिकली हे मी कुणाला विचारलंच नव्हतं. किती आहेत तेवढंच मोजलं होतं. मला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आबा, मी पुन्हा मोजते," मी म्हटलं. "आत आणि बाहेर, दोन्हीकडे चौकटी टाकते. आकडा खाली आलेला दाखवते. हे कुलूप काढायला लावते. गवत पुन्हा कापायला मिळेल तुम्हाला."

"लिख, माय," ते शांतपणे म्हणाले. "पन आते ढोरं कोठे शेतस? चाराच नही म्हनीसन बठ्ठास्नी इकी टाकात. मनी गाय बी गयी. गवत कापीसन घालाले कोनले?"

अख्ख्या गावाने ढोरं विकून टाकली होती, आणि मी तारेला धरून उभी होते. आतलं गवत वाऱ्याने एका अंगावर वळलं, परत उभं राहिलं. मला रडू फुटलं. मोठ्याने, रस्त्यावर ऐकू जाईल असं. आबा जवळ आले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"रडू नको," ते म्हणाले. "तू तं खरंच मोजं व्हतं."